दहावीच्या वर्षी फुटबॉल बंद करायचा की क्लास? (कोल्हापूर)

राजारामपुरीची_आई
मुलगा यंदा दहावीला आहे. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. घटक चाचणीचे गुण परवा हातात आले. बीजगणित २० पैकी ९, भूमिती ११, विज्ञान भाग १ मध्ये १२. भाषा आणि इतिहास बरे आहेत. तेव्हापासून घरात रोज तोच विषय. त्याचे बाबा म्हणतात फुटबॉल बंद. आजोबा म्हणतात क्लास बंद कर, पोराला श्वास घेऊ दे. तो स्वतः म्हणतो दोन्ही जमेल.
दिवस असा जातो: सव्वापाचला उठतो, पावणेसहाला घर सोडतो, ६ ते ८ मैदान, साडेआठला घरी. अंघोळ-नाश्ता होईपर्यंत सव्वानऊ. मग तासभर क्लासचा गृहपाठ. ११ ते ५ शाळा. ६ ते ८:३० क्लास, आठवड्यातले सहा दिवस, सगळे विषय. जेवण झालं की पावणेदहा ते पावणेअकरा अभ्यास आणि ११ ला झोप. रविवारी मैदान नाही, क्लास नाही.
जाणकारांनी सांगावं, नक्की काय थांबवायचं?

शिवाजीपेठ_७
खेळ बंद, ताई. दहावी एकदाच येते, मैदान कुठं पळून जात नाही. दोन तास पळून आलेलं पोर शाळेत तिसऱ्या तासाला पेंगणारच. एक वर्ष कळ काढायची, मार्चनंतर दिवसभर खेळू दे.

पन्हाळ्याचा_पाऊस
अहो, पण क्लासमध्ये तरी काय होतं? शाळेत शिकवलेलं पुन्हा शिकवतात. तेवढे पैसे वाचवा आणि घरी बसवा.

गणितवाले_सर
ताई, तुम्ही दिवस वेळांसकट लिहिलात म्हणून नीट उत्तर देता येईल. आधी बेरीज करू.
मैदानावर तो आठवड्याला १२ तास असतो. पण पावणेसहा ते सव्वानऊ हे सगळे साडेतीन तास खेळाच्याच खात्यात जातात, म्हणजे सहा दिवसांचे २१. त्यातले ९ तास जाण्यायेण्यात, अंघोळीत आणि दम घेण्यात जातात. क्लासचे १५, शिवाय जाणं-येणं. घरचा अभ्यास रोज २ तास, म्हणजे १२. त्यातला क्लासचा गृहपाठ धरा ८. मग त्याच्या स्वतःच्या अभ्यासाला आठवड्यात राहिले ४ तास. आणि झोप सव्वासहा तास.
हा ४ चा आकडा आणि झोपेचा आकडा, हे दोन दुखणारे भाग आहेत. "स्वतःचा अभ्यास" मी कशाला म्हणतो, तर पुस्तक मिटून, घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर हातानं लिहिणं. मंडळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच तपासणार आहे. क्लासमध्ये फळ्यावर गणित सुटताना बघितलं की सगळं येतं असं वाटतं आणि घरी तेच गणित दुसऱ्या ओळीला अडतं. दिवाळीपर्यंत असे किमान १०-१२ तास आठवड्याला हवेत. पूर्वपरीक्षेनंतर ते दुपटीच्या पुढं जातात.
आता क्लास ठेवायचा की नाही हे मताने ठरवू नका, उत्तरपत्रिकेवरून ठरवा. चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका घ्या, मुलाला शेजारी बसवा आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढं तीनपैकी एक खूण करा. "न" म्हणजे मुळात समजलंच नव्हतं. "स" म्हणजे समजलं होतं, पण सराव नसल्यानं अडलं किंवा चुकलं. "वे" म्हणजे वेळ संपला किंवा घाईत वाचनात चूक झाली. बीजगणितात ११ गुण गेलेत, त्यांची ही वाटणी करून इथं लिहा.
"न" जिथं जास्त, तिथं शिकवणारा माणूस हवा, तो विषय क्लासला ठेवा. "स" आणि "वे" जिथं जास्त, तिथं क्लास वाढवून काही होत नाही, उलट सरावाचे तास क्लासच खातो.

उचगावचा_बाळू
सर, एक नंबर. माझ्या पुतण्याचं बारावीचं आहे, नीटची तयारी चालू आहे. त्यानं क्रिकेट सोडावं का? तिथं तर क्लासशिवाय गत्यंतरच नाही.

गणितवाले_सर
बाळूदादा, नीटचं गणित वेगळं. तिथं बारावीच्या जोडीला अकरावीचाही अभ्यासक्रम असतो आणि प्रश्न बहुपर्यायी. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथं दहावीपुरतं बोलू. नाहीतर ताईंचा प्रश्न बाजूला राहील.

मैदानी
मी लहान मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून खेळाच्या बाजूनं सांगतो. शिवाजीपेठ यांचं अर्धं बरोबर आहे. सकाळचे दोन तास आणि सव्वासहा तास झोप, ही जोडी वाईटच. पण पेंग येते ती झोप कमी पडल्यानं. या वयात ८ ते १० तास झोप लागते. खेळ पूर्ण बंद केला आणि मूल ११ च्या ऐवजी १२ ला झोपायला लागलं, तर पेंग तशीच राहते.
एकदम बंद केल्यावर काय होतं तेही सांगतो. भूक तशीच राहते, हालचाल जाते, रात्री झोप लवकर लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत दम उतरतो. मग एखाद्या रविवारी मित्र बोलावतात, हा पूर्वीच्याच जोरात पळतो आणि मांडीचा मागचा स्नायू धरून बसतो.
त्यापेक्षा वेळ कमी करा, जोर तोच ठेवा. आठवड्यात ४ दिवस, ५० मिनिटं. पहिली १० मिनिटं हलकं पळणं आणि सांधे मोकळे करणं, १५ मिनिटं पासिंग, १५-२० मिनिटं चार विरुद्ध चार असा छोटा गेम, शेवटी ताण. एवढ्यावर दम टिकतो. नवं कौशल्य फारसं वाढणार नाही, हे मुलाला आधीच सांगा.
आणि संध्याकाळी खेळवा. शाळा ५ ला सुटली की ५:२० ला मैदानात. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, सव्वासहाला चेंडू दिसत नाही. म्हणजे वेळ आपोआप बांधली जाते, कुणाला ओरडावं लागत नाही.
अजून एक, जे पालक मोजत नाहीत. आपल्याकडं हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर सामने असतात. पोरगं खेळायला ५० मिनिटं देतं आणि बघायला साडेतीन तास. पुढं रात्री मोबाईलवर त्याच सामन्याची चर्चा. पेठेच्या संघाचा सामना चुकवायचा म्हणजे जिवावर येतं, मला कळतं ते. पण जानेवारीनंतर कापायचंच झालं तर हे बघणं आधी कापा, खेळणं नंतर.

तालमीतला_गडी
मैदानी दादांशी सहमत. कुस्तीतल्या पोरांचं थोडं वेगळं हाय, ते सांगतो. तालीम बंद केली तर खुराक पण त्या हिशोबानं उतरवायला लागतो. बैठका ५०० वरनं २०० वर आल्या आणि दूध-तूप-बदाम तेवढंच राहिलं की महिन्यात पोर जड होतंय आणि दुपारी पुस्तकावर मान टाकतंय. जोर-बैठका घरच्या घरी २० मिनिटात होतात. लढत मात्र नको. ती करायला जोडीदार लागतो, माती लागते, तास-दीड तास जातो आणि कान-बोटं दुखावतात ते वेगळंच.

शिवाजीपेठ_७
४ दिवस ५० मिनिटं म्हणता, पण मैदानावरनं वेळेत कोण परत येतं? ५० ची ९० होतात. म्हणून म्हणतो बंदच बरं. निम्मं बंद सांभाळणं पूर्ण बंदपेक्षा अवघड असतं.

मैदानी
हे खरं आहे, नाकारत नाही. मैदान शाळेच्या आवारात किंवा वाटेवर असेल तरच जमतं. लांब असेल तर जाण्यायेण्यातच खेळाएवढा वेळ जातो.

वैशाली_कसबाबावडा
आमच्याकडं मुलगी कबड्डी खेळते, जिल्हा पातळीवर निवड झाली आहे, तीही दहावीला. खेळाडूंना २५ गुण सरसकट मिळतात ना? मग खेळ बंद करून उलट नुकसानच की.

गणितवाले_सर
वैशालीताई, सरसकट नाहीत. सवलतीचे गुण स्पर्धेच्या स्तराप्रमाणे कमी-जास्त असतात. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी चढती पायरी आहे. प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं आणि तिथून कोल्हापूर विभागीय मंडळाकडं जातो. आपण परस्पर मंडळात नेऊन दिला तर चालत नाही. आत्ताच दोन गोष्टी करा. क्रीडाशिक्षकांना विचारा की ही स्पर्धा सवलतीला पात्र आहे का आणि यंदा प्रस्तावाची शेवटची तारीख कोणती. दुसरं, प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी अक्षर न् अक्षर जुळते का बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून कागद परत येतात आणि तोवर मुदत टळते.
पण निवड झालेली असेल तर शालेय स्पर्धा जरूर खेळवा. त्यातल्या बऱ्याचशा पावसाळा ते दिवाळी या काळात होतात, बोर्डाच्या आड येत नाहीत.

फिजिओ_नीलांबरी
कबड्डी आणि गोलकीपर म्हटलं की मला हात आठवतो, म्हणून लिहिते. अभ्यासाच्या तासांवर सगळे बोलतात, लिहिणाऱ्या हातावर कुणीच नाही.
पडताना माणूस हात टेकतो. त्यात अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात एक छोटं हाड आहे, त्याला तडा जातो. गंमत नाही, या हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतच नाही. "मुरगळलंय" म्हणून पट्टी बांधतात आणि मूल खेळत राहतं. ओळखायचं असं: अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक खळगा दिसतो. त्या खळग्यात दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे चांगला आला तरी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा हात बांधून ठेवतात आणि १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. तडा असेल तर प्लास्टर सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. त्यानंतरही लिहिण्याची गती यायला दिवस लागतात.
परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात धरली तर मागं मोजा, नाताळाच्या आसपास येता. म्हणून डिसेंबर संपला की अंगावर जायचे सामने, कबड्डीच्या पकडी आणि गोलकीपिंग थांबवा. पळणं, पोहणं, दोरीउड्या, पासिंग चालू ठेवा. हे सगळ्या खेळाडू मुलांना लागू, मग हुशार असो की नसो.
आणि दुर्दैवानं हात मोडलाच तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवा. डॉक्टरांच्या दाखल्यासह शाळेमार्फत मंडळाकडं लेखनिकासाठी अर्ज करता येतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, त्यामुळं भूमितीच्या आकृत्या तोंडी सांगून काढून घेणं किती कठीण जातं याची कल्पना करा.

राजारामपुरीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. नीलांबरीताई, तो गोलकीपरच आहे! ही गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हती.
सर, रविवारी बसून खुणा केल्या. बीजगणितात गेलेले ११: "न" २, "स" ६, "वे" ३. ते "न" दोन्ही वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणात गेलेत. भूमितीत गेलेले ९: "न" ५, "स" ३, "वे" १. समरूपतेत बरंचसं समजलेलंच नाही, कोणत्या दोन त्रिकोणांची तुलना करायची तेच कळत नाही म्हणतो. विज्ञानात गेलेले ८: "न" १, "स" ६, "वे" १. रासायनिक समीकरणं संतुलित करताना चुकतो आणि गुरुत्वाकर्षणाच्या उदाहरणात एकक लिहीत नाही.
मला वाटत होतं बीजगणित सगळ्यात कच्चं. निघाली भूमिती.

गणितवाले_सर
ताई, हेच बघायचं होतं. तिन्ही मिळून २८ गुण गेले. त्यातले "न" फक्त ८ आणि त्यातले ५ भूमितीचे. "स" आहेत १५. म्हणजे क्लास पूर्ण बंद करायला नको आणि सगळ्या विषयांचाही नको. बहुतेक क्लासमध्ये गणित-विज्ञान एक दिवसाआड असतं. तुमच्याकडं सोम-बुध-शुक्र असेल तर तेवढंच ठेवा आणि मंगळ-गुरु-शनि मोकळे करा.
मग आठवडा असा बसतो. उठणं ६ ला. साडेसहा ते साडेआठ रोज स्वतःचा अभ्यास, शनिवारी सकाळची शाळा असेल तर तेवढा दुपारी. सहा दिवसांचे १२ तास. सोम-बुध-शुक्र ६ ते ८:३० क्लास. मंगळ-गुरु-शनि ५:२० ते ६:१० फुटबॉल, घरी साडेसहा, ७ ते ८:३० अभ्यास, म्हणजे आणखी साडेचार. चौथा दिवस रविवारी सकाळी ७ ला. एकूण साडेसोळा तास, त्यातून क्लासच्या गृहपाठाचे ४ वजा करा. स्वतःचे साडेबारा राहिले. आधी ४ होते. १० ला झोपून ६ ला उठला की झोप ८ तास, म्हणजे पावणेदोन तास वाढली.
रविवारी ११ वाजता एक पेपर लिहायला बसवा, कारण बोर्डाचा पेपर ११ लाच सुरू होतो. ४० गुणांचा भाग असेल तर २ तास, ८० चा असेल तर ३. शेवटी मंडळ १० मिनिटं वाढवून देतं, ती घरी देऊ नका.
गणितात वेळ कुठं जातो ते लक्षात ठेवा. ४० पैकी पहिल्या दोन प्रश्नांनाच २० गुण आहेत, ८ आणि १२. तिथं ५० मिनिटांच्या वर जाऊ नये. बहुतेक मुलं चौथ्या प्रश्नात एका चार गुणांच्या उदाहरणावर अर्धा तास घालवतात आणि पाचव्यातले ३ गुण न वाचताच सोडतात. त्याचे "वे" कुठले आहेत ते पेपरवर बघा, हेच निघण्याची शक्यता जास्त.
समरूपतेसाठी क्लासच्या सरांना नेमकं सांगा: "शंका आहे" असं मोघम नको, "कोणते त्रिकोण घ्यायचे ते कळत नाही" असं. घरी एक उपाय करा. आकृतीतले दोन्ही त्रिकोण वेगळ्या कागदावर, एकाच दिशेला तोंड करून काढायचे आणि मग संगत शिरोबिंदू एकाखाली एक लिहायचे. आठ-दहा आकृत्या अशा काढल्या की नजर बसते.

शिवाजीपेठ_७
तक्ता चांगला आहे, मान्य. पण क्लासनं वर्षाची फी आधीच घेतली असणार. तीन दिवस कमी केले तर पैसे परत देतील का?

पन्हाळ्याचा_पाऊस
देत नाहीत. पण भरलेले पैसे वसूल करायला पोराचे तीन दिवस घालवण्यात काय अर्थ?

राजारामपुरीची_आई
विचारलं आज. फी परत नाही. पण त्या तीन दिवसांच्या बदल्यात डिसेंबरपासूनची सराव परीक्षा मालिका आणि तपासून दिलेले पेपर देतो म्हणाले. ते आम्हाला चाललं.
अडचण दुसरीकडं आली. त्याच्या संघाचा सराव सकाळीच असतो, संध्याकाळी सतरा वर्षांखालच्यांची बॅचच नाही. प्रशिक्षक म्हणाले, सहापैकी चार दिवस आला नाही तर गोलपोस्टमध्ये दुसऱ्याला उभं करावं लागेल. पोरगा तेव्हापासून गप्प आहे. जेवताना पण बोलत नाही.

मैदानी
प्रशिक्षकांचंही चूक नाही, त्यांना संघ उभा करायचा असतो. तुम्ही दोघं त्यांना एकदा भेटा, मुलाला सोबत न्या. फोनवर नको. दिवाळीपर्यंत दोन सकाळी संघाबरोबर, दोन संध्याकाळी शाळेत, आणि मार्चनंतर जागेसाठी पुन्हा निवड, एवढं मागून बघा. नाही म्हणाले तर संघातली जागा जाईल, हे त्याला तुम्हीच सांगा. दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

गणितवाले_सर
त्या दोन सकाळींच्या आदल्या रात्री साडेनऊला झोप, तरच मान्य करा. त्या दिवशीचा सकाळचा अभ्यास बुडणार, म्हणजे आठवड्याचे ४ तास कमी. उरतात साडेआठ. दिवाळीपर्यंत चालवून घेता येईल, पुढं नाही.

शिवाजीपेठ_७
मी अजूनही बंदच म्हणेन. पण पोराला विचारून करा.

राजारामपुरीची_आई
गुरुवारी भेटायला जातोय, तिघंही. नीलांबरीताई, त्याच्या उजव्या अंगठ्याखाली मागच्या महिन्यापासून थोडं दुखतं असं तो आज म्हणाला. तुम्ही सांगितलेल्या खळग्यात दाबलं तर हात मागं घेतला. आधी डॉक्टरांकडं जाऊ ना?

फिजिओ_नीलांबरी
हो, उद्याच. गुरुवारची वाट बघू नका. तोवर ग्लोव्ह्ज घालून एकही चेंडू अडवायचा नाही.